"सगळे गेम चालतात" असं सांगणाऱ्यांनो, जरा थांबा

आज परत एका ग्रुपवर तेच वाचलं, "आर्म प्रोसेसरचा लॅपटॉप घे बिनधास्त, विंडोजचे सगळे गेम चालतात आता." डोकंच फिरलं. हेच ऐकून माझ्या भाच्याने लॅपटॉप घेतला आणि पहिल्याच रात्री त्याचा फोन, "मामा, गेम डाउनलोड झाला पण अँटीचीट सुरू होत नाही म्हणतोय आणि बंद पडतोय."

अँटीचीट म्हणजे चीटिंग करणाऱ्यांना पकडणारा प्रोग्रॅम. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा गेम. त्याच्यासाठीच तर पोराने पैसे साठवले होते!

अहो, इंटेल-एएमडीसाठी लिहिलेला गेम आर्मला कळत नाही, म्हणून विंडोजमधलं प्रिझम त्या सूचना खेळता खेळता आर्मच्या भाषेत बदलत जातं. पण बदलतं ते साध्या प्रोग्रॅमचं, ड्रायव्हरचं नाही. आणि बऱ्याच ऑनलाइन गेमचं अँटीचीट थेट विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, ड्रायव्हर म्हणून बसतं. ते कंपनीने आर्मसाठी वेगळं बनवलं नसेल तर विषय संपला, ग्राफिक्स कितीही लो करा नाहीतर प्रोसेसर कितीही भारी घ्या, गेम उघडणारच नाही. हे एकजणही सांगत नाही!

रविवारी गेलो त्याच्याकडे. एकट्याने खेळायचा दुसरा गेम लावला, कोपऱ्यात सेकंदाला ५०-५५ फ्रेम दिसत होते, मीसुद्धा खूश झालो. पण नवीन भागात शिरलं, पहिला स्फोट झाला की चित्र गचका खाऊन थांबायचं आणि आकडा मात्र जवळपास तोच. मग फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा ग्राफ लावला. ६० फ्रेम हवे असतील तर एका फ्रेमला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात, इथे मध्येच १२० चा सुळका, म्हणजे सात फ्रेमचा वेळ एकाच फ्रेमने खाल्ला. सरासरीत हे दिसतच नाही. नवा कोड पहिल्यांदा आला की त्याचं भाषांतर होईपर्यंत गेम खोळंबतो. शेडर, म्हणजे ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम, पहिल्यांदा तयार होतानाचे गचके कुठल्याही लॅपटॉपवर बसतात, ते त्यात आणखी. एकदा झालेलं भाषांतर साठवलेलं असतं, त्यामुळे गेममधला तोच पूल दुसऱ्यांदा ओलांडला तेव्हा गचके बरेच कमी झाले, हे खरं.

बरं, जिथे सगळा भार ग्राफिक्सवर आहे तिथे ठीक चालतं, कारण ग्राफिक्सचा ड्रायव्हर आर्मचाच असतो, मान्य. आधी काही गेम इंटेल-एएमडीच्या एव्हीएक्स नावाच्या सूचना नाहीत म्हणून उघडतच नव्हते, आता प्रिझमला त्याही कळतात, तेही मान्य. पण शेकडो सैनिक एकदम हलवणारा स्ट्रॅटेजी गेम लावा, तिथे प्रोसेसरच दमतो आणि भाषांतराचं ओझं लगेच जाणवतं.

म्हणून कुणी विचारलं तर "चालतं" म्हणू नका रे. कुठला गेम ते विचारा, त्याचं अँटीचीट आर्मवर आहे का बघा, आणि सरासरी फ्रेम नको, फ्रेमटाइमचा ग्राफ दाखवा.

चिडून लिहायला बसलो होतो, आता नुसतं वाईट वाटतंय. भाचा तक्रार करत नाही. रात्री मित्र खेळत असतात आणि हा हेडफोन लावून त्यांच्या गप्पा ऐकत बसतो.