एसटीपी बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

"स्विचवरचं एसटीपी बंद करून टाका, केबल लावली की 30 सेकंद उगाच थांबावं लागतं. आजकाल गिगाबिट स्विच आहेत, चुकून लूप झाला तरी फारतर त्या दोन पोर्टचं नेट जाईल."

एसटीपी म्हणजे स्विचमधली लूप ओळखून तोडणारी सोय, आणि ती बंद करा म्हणणाऱ्यांचं बोलणं साधारण असं असतं. आधी त्या दोन पोर्टचंच बघू. समजा मीटिंग रूममध्ये लोंबकळणारी केबल दिसली म्हणून कोणीतरी ती उचलून भिंतीत खोचली आणि तिची दोन्ही टोकं एकाच स्विचच्या 7 आणि 8 नंबरला गेली. आता कुठलातरी पीसी प्रिंटर शोधायला एक एआरपी, म्हणजे सगळ्यांना विचारलेली हाक, पाठवतो, तो ब्रॉडकास्ट म्हणून स्विच सगळ्या पोर्टवर सोडतो, 7 मधून गेलेला 8 मधून परत आत येतो, 8 चा 7 मधून, आणि स्विचला हे नवीनच फ्रेम वाटतात म्हणून पुन्हा सगळीकडे. आयपी पॅकेटला निदान टीटीएल, म्हणजे ठराविक टप्प्यांनंतर त्याला संपवणारा आकडा, असतो, इथरनेट फ्रेमला तसलं काही नाही, त्यामुळे केबल उपटेपर्यंत ते फिरतच राहतात. आणि प्रत्येक फेरीची कॉपी त्या व्हीलॅनमधल्या, म्हणजे स्विचवर पाडलेल्या त्या नेटवर्कमधल्या, प्रत्येक पोर्टवर जाते, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या स्विचवर पण.

गिगाबिटने वाचत नाही, उलट फेरे जोरात होतात. 64 बाइटच्या फ्रेम असतील तर एका गिगाबिट पोर्टवर सेकंदाला जवळपास 14.88 लाख बसतात, आणि ब्रॉडकास्ट असल्यामुळे प्रत्येक पीसी, प्रिंटर, आयपी फोनला त्या उघडून बघाव्याच लागतात. वर आणखी एक गंमत, त्या पीसीचा मॅक ॲड्रेस आता 7 आणि 8 वरून आत येतोय ना, मग स्विच समजतो पीसी तिकडेच आहे आणि त्याचा साधा ट्रॅफिक पण लूपमध्येच ढकलतो. सिस्कोच्या लॉगमध्ये `MACFLAP_NOTIF` च्या ओळी धडाधड यायला लागल्या आणि सगळ्या पोर्टचे लाइट एकाच तालात लुकलुकायला लागले की ओळखायचं. (लॉग बघायला स्विचमध्ये लॉगिन झालं तर, बऱ्याचदा कन्सोल केबलच लावावी लागते.)

एसटीपी असतं तर? स्विच दर 2 सेकंदांनी बीपीडीयू, म्हणजे एसटीपीचा छोटा संदेश, सोडतो, इथे 7 मधून सोडलेला त्याचाच बीपीडीयू 8 वर आला की त्याला कळतं लूप आहे, आणि तो 8 ब्लॉक करतो. पोर्ट अप दिसतो, बीपीडीयू ऐकतो, पण डेटा सोडत नाही. अनेक स्विच असतील तर ते आधी एक रूट निवडतात, रूटकडे जायचा सगळ्यात स्वस्त रस्ता चालू ठेवतात आणि लूप करणारे जादाचे रस्ते ब्लॉक.

आता ते 30 सेकंद. ते खरे आहेत, जुन्या एसटीपीत लिसनिंग 15 आणि लर्निंग 15, म्हणजे डेटा सोडायच्या आधी लूप नाही ना याची खात्री. पण त्यासाठी अख्खं एसटीपी कशाला बंद करायचं, पीसीच्या पोर्टवर एवढं टाका:

```
spanning-tree portfast
spanning-tree bpduguard enable
```

पोर्ट लगेच चालू होतो, आणि तिथे बीपीडीयू आला तर थेट शटडाउन.

एक मात्र मान्य, टेबलाखालचा पाच पोर्टचा साधा स्विच बीपीडीयू गिळणारा निघाला आणि लूप त्याच्याच पोटात झाला तर वरच्या स्विचच्या एसटीपीला पत्ता लागत नाही. तिथे storm-control लावून त्या पोर्टवरच्या ब्रॉडकास्टला मर्यादा घालावी लागते.