आधी जागा बघा, मग आहार

"मुलगी १६ वर्षांची आहे. कानशिलाजवळ केस विरळ झालेत. आहारात काय वाढवू?"

फक्त कानशिलाजवळच विरळ असतील, तर मला आहारापेक्षा पोनीटेलचा संशय जास्त येतो. लोह कमी पडलं किंवा कडक डाएट केलं, तर साधारण दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस गळतात, एकाच कडेचे नाही. माझ्या भाचीचं असंच झालं होतं. सरावासाठी रोज घट्ट अंबाडा, रात्रीही तसाच. कपाळाच्या कडेला बारीक लव शिल्लक आणि तिच्यामागे विरळ पट्टा, ही ओढीची खूण डॉक्टरांनी लगेच ओळखली. केस सैल बांधायला लागल्यावर चारेक महिन्यांनी नवे केस दिसले. (तेलं आम्ही आधीच तीन बदलली होती!)

मात्र ओढ वर्षानुवर्षं चालू राहिली, तर मुळं कायमची जातात. मग तिथली त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसते. तोवर थांबू नका. मुळाशी पुळ्या, खपल्या, गोल टक्कल दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे न्याच. भांग रुंदावतोय आणि पाळीही अनियमित आहे, तर हार्मोन्सची तपासणी लागू शकते.