दरपत्रक मिळावे, ही विनंती

घर बांधायला काढलं की सल्ला सगळे देतात, भाव मात्र कोणी देत नाही. इंदूरला सुदामा नगरात तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर दोन मजले उभे करायचे म्हणून मी सिमेंट, सरिया आणि रेतीसाठी एका हार्डवेअरवाल्याला रीतसर पत्र लिहिलं. 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत सगळं. सौ. म्हणाली, "त्यात तो खिळे बांधून देईल."

खिळे नाही बांधले. पत्राच्याच मागे पेनानं उत्तर आलं: 'सीमेंट बाजार भाव. सरिया आज का भाव. रेती डंपर के हिसाब से.' तिन्ही वाक्यं खरी होती, त्यामुळे भांडताही येईना.

मग दुसरं पत्र. यावेळी आकडे घातले. दोन्ही मजले मिळून अठराशे चौरस फूट बांधकाम. चौरस फुटाला साधारण ०.४ बोरी धरली तर सिमेंटच्या ७२० बोऱ्या होतात, आणि पावणेचार किलोनं सरिया पावणेसात टन. हा नुसता ढोबळ अंदाज. खरा आकडा इंजिनिअरच्या नकाशावरून निघतो, पण ढोबळ का होईना, आकडा दिसला की दुकानदार खुर्ची पुढे सरकवतो.

सरियाच्या ओळीपाशी मात्र तो थांबला. मी लिहिलं होतं, 'भाव किलोवर, वजन धर्मकाट्यावर, शिवाय दर नगाचं वजन तपासलं जाईल.' "भाईसाहब, किलो से ले रहे हो तो नग का वजन क्यों?" प्रश्न बिनतोड वाटतो. पण बारा एमएमचा बारा मीटरचा सरिया १०.६७ किलो भरायला हवा. व्यासाच्या वर्गाला १६२ नं भागा, मीटरचं वजन मिळतं. त्याला बारानं गुणा. आयएसच्या, म्हणजे भारतीय मानकाच्या, नियमात या जाडीला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे साधारण १०.१३ च्या आत नको. मी गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर एक नग चढवला तर तो ९.८ भरला. किलोनं घेतलं तर पैसे बरोबर जातात, हे खरंच. पण इंजिनिअरनं कॉलममध्ये सहा सरिये मोजलेत, आणि मिस्त्री सहाच टाकणार, किलो मोजून नव्हे. म्हणजे माझ्या कॉलमच्या पोटात जायचं लोखंड प्लॉटवर जास्तीचे नग म्हणून मिरवणार. नगानं घेतलं असतं तर पैसेही गेले असते आणि लोखंडही.

दुकानदार रद्दीवाल्याच्या काट्याकडे बघून म्हणाला, "इसका काँटा तो अखबार का है." तरी दुसऱ्या गाडीतला सरिया दाखवला. तो साडेदहाच्या वर भरला. रद्दीवाल्याचा काटा म्हणे अखबारचा!

आता रेती. पावसाळ्यात नर्मदेतून रेती काढणं बंद होतं, म्हणून त्याआधीच भाव चढू लागतात आणि डंपरवाल्यांना अंगात येतं. मी विचारलं, 'डंपरात किती घनफूट?' उत्तर, "भरा हुआ." टेपनं मोजलं: चौदा फूट लांब, सात रुंद, आत तीन उंच. काठापर्यंत भरला तर २९४. बिलात ३५०. वरचे छप्पन्न म्हणे मधल्या ढिगाचे.

ढिगाचा हिशेब करता येतो, ओलाव्याचा येत नाही. थोडी ओली रेती फुगते, कण पाण्याच्या पातळ थरानं एकमेकांना दूर धरतात. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण बुडालेली असली तर मात्र मुकाट बसते. मी एका सरळसोट बरणीत ओली रेती वीस सेंटिमीटरपर्यंत भरली, पाणी ओतलं, ढवळलं. रेती बसली ती सोळावर. म्हणजे सोळाची वीस करून विकली जात होती, पंचवीस टक्के निव्वळ हवेचे. डंपरवाल्यानं बरणी हातात घेऊन उन्हाकडे धरली, तळाकडून पाहिली आणि विचारलं, "लोणचं आहे का?" त्याला मराठी येतं हे तेव्हा कळलं.

शेवटी पत्रातली रेतीची ओळ अशी झाली: 'रेती टनाने, धर्मकाट्याच्या पावतीसह, ठिबकत असलेली गाडी परत.' टनातही पाणी असतंच, पण फुगवट्याइतकी चोरी त्यात करता येत नाही. सिमेंटसाठी एकच ओळ: बोरीवर छापलेला आठवडा तीन महिन्यांपेक्षा जुना नको. उतराई कोणाकडे, जीएसटी धरून की वेगळा, हेही विचारलं.

यावेळचं दरपत्रक खरोखर छापील आलं. सगळे रकाने भरलेले, शिक्का, सही. तळाशी बारीक अक्षरात: 'भाव आज शाम तक मान्य.' मुलगा ते घेऊन दारात आला तेव्हा साडेआठ वाजले होते.