न घडलेली सुटका पहिल्या पानावर कशी आणावी

गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला आणि पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले, की नाशिकच्या प्रत्येक वृत्तपत्राला त्याच मारुतीचा, त्याच कोनातून घेतलेला फोटो छापावा लागतो. वाचकाला तो पाठ झालेला असतो. तेव्हा आपण वृत्तपत्र चालवत असाल आणि यंदा त्या पाण्यात एखादे मूल व त्याला खांद्यावर घेतलेला एखादा शूर जीवरक्षक असावा असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर त्यात गैर काही नाही. अशी सुटका प्रत्यक्ष झाली नाही, ही अडचण अगदी किरकोळ आहे. खरी अडचण फोटो संपादकाची असते, म्हणून त्याला पावसाळाभर सक्तीच्या रजेवर पाठवणे हा माझा पहिला आणि सर्वांत कळकळीचा सल्ला आहे.

आमच्या कचेरीने हे केले नाही आणि त्याचे फळ भोगले. आमच्या फोटो संपादकांना सगळे अण्णा म्हणत. धरणातून विसर्ग वाढला त्या दिवशी रात्री पावणेदहाला आमच्या तरुण छायाचित्रकाराने एक फोटो पाठवला. मागे कमरेपर्यंत बुडालेला मारुती, पुढे नारिंगी जॅकेट घातलेला जीवरक्षक आणि त्याच्या खांद्यावर रडणारे चार-पाच वर्षांचे मूल. संपादकसाहेबांनी तो पाहताच पान एक मोकळे करायला सांगितले. वृत्तसंपादकांनी ‘देवदूत’ हा शब्द मथळ्यात टाकूनही दिला. (हा शब्द आमच्याकडे कायम जुळवून तयार असतो.) अण्णांनी मात्र चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ नाक नेले आणि विचारले, “या मुलाच्या हनुवटीखाली सावली कुठून आली?”

इथे आपण पहिला धडा घ्यावा. पुराच्या दिवशी नाशिकचे आभाळ गच्च भरलेले असते. उजेड सगळीकडून सारखा पडतो आणि चेहऱ्यावर धारदार सावली उमटत नाही. फोटोतल्या मारुतीच्या अंगावर ती नव्हती, मुलाच्या हनुवटीखाली मात्र सुरीने कापल्यासारखी होती. म्हणजे मारुती पावसात उभा होता आणि मूल भर उन्हात. शिवाय मागचे दृश्य घाटाजवळच्या एका गच्चीवरून, वरून खाली बघत टिपलेले होते. वरून पाहणाऱ्याला मुलाचे डोके दिसायला हवे, हनुवटीची खालची बाजू दिसण्याचे कारण नाही. म्हणून जोडकाम करताना दोन्ही तुकडे एकाच उंचीवरून आणि एकाच हवामानात टिपलेले निवडावेत. यासाठी फारसे कौशल्य लागत नाही, फक्त संयम लागतो, आणि तो रात्री पावणेदहाला कुणाकडेच नसतो.

दुसरा धडा पाण्याचा आहे. वाहत्या पाण्यात काहीही उभे असले तरी प्रवाहाच्या वरच्या अंगाला पाणी चढते आणि खालच्या अंगाला फेसाचा लांब पट्टा सुटतो. मारुतीमागे तसा पट्टा होता. जीवरक्षकाच्या भोवती मात्र पाणी इतके शांत होते, की तो पुरात उभा नसून घरच्या हौदात उभा असावा. जॅकेटच्या खालच्या कडेला त्या पाण्याची हिरवट झाक लागलेली होती आणि गोदावरी तर त्या दिवशी गाळाने चहासारखी झाली होती. अण्णांना सर्वांत जास्त खटकली ती पलीकडच्या काठावरची गर्दी. इतकी माणसे उभी होती, पण बुडणाऱ्या मुलाकडे एकही बघत नव्हते. सगळ्यांचे मोबाईल मारुतीकडे वळलेले होते. नाशिककरांविषयी आपले मत काहीही असो, ते इतकेही निर्विकार नाहीत.

मग अण्णांनी छायाचित्रकाराला कॅमेऱ्याचे कार्ड घेऊन बोलावले. कॅमेरा प्रत्येक फ्रेमला ओळीने क्रमांक देतो, आणि डोळ्यांदेखत सुटका घडत असेल तर कोणताही छायाचित्रकार एकच फ्रेम घेऊन कॅमेरा खाली ठेवत नाही. तो बटण दाबून धरतो. कार्डावर मारुतीच्या सव्वीस फ्रेम सलग होत्या, मधला एकही क्रमांक गळालेला नव्हता आणि सव्वीसांपैकी एकाही फ्रेममध्ये माणूस नव्हता. अग्निशमन दलाला फोन केला, तर घाटावरून तशी वर्दीच आलेली नव्हती. तेव्हा आपण जोडकाम करणार असाल, तर ते कार्ड नदीत पडले असे आधीच सांगून ठेवावे. पुराच्या दिवशी ते कुणालाही पटते.

छायाचित्रकार वयाने लहान होता, लगेच रडकुंडीला आला. जीवरक्षक आणि मूल त्याने आमच्याच संग्रहातून घेतले होते. 2015 च्या सिंहस्थात रामकुंडावर गर्दीत घाबरलेले मूल एका जीवरक्षकाने उचलले होते, तो फोटो पाण्यात उतरून काढलेला होता आणि तेव्हा तो अण्णांनीच पास केला होता. “अण्णा, दोन्ही फोटो खरेच आहेत ना?” असे त्याने विचारले, आणि हा युक्तिवाद आपणही जपून ठेवावा, कारण तो फार मोठ्या माणसांनी वापरून पाहिला आहे. 2003 साली लॉस एंजेलिस टाइम्सच्या ब्रायन वॉल्स्की या छायाचित्रकाराने इराकमध्ये बसराजवळ थोड्या अंतराने घेतलेल्या दोन फ्रेम जोडून एक केली. सैनिक खरा होता, माणसेही खरी होती. मागे बसलेली काही माणसे दोनदा दिसत आहेत, हे दुसऱ्याच एका वृत्तपत्रातल्या माणसाच्या लक्षात आले आणि वॉल्स्कीची नोकरी गेली. अण्णा आमच्या छायाचित्रकाराला म्हणाले, “त्याने माणसे काही क्षण इकडेतिकडे केली. तू तर अख्खे मूल एका कुंभातून उचलून दुसऱ्या पुरात टाकलेस.”

साडेदहा वाजले तेव्हा वृत्तसंपादकांनी तोडगा काढला, आणि तो खरोखर कौतुकास्पद होता. फोटोखाली बारीक अक्षरांत ‘प्रतीकात्मक छायाचित्र’ असे लिहावे. ते नको असेल तर ‘संग्रहित’ लिहावे. अण्णांनी दोन्ही नाकारले. संग्रहित म्हणजे घडलेले, फक्त आधी घडलेले. हे कधीच घडलेले नाही. आणि प्रतीक कशाचे? बातमीत सुटकाच नसेल, तर फोटो कोणत्या गोष्टीचे प्रतीक होणार? संपादकसाहेब म्हणाले, “अण्णा, उजेड तर तुम्हीही वाढवता, कड तर तुम्हीही कापता.” अण्णा म्हणाले, “वाढवतो, कापतो. पाण्यात माणूस घालत नाही.” मग ते खुर्चीतून उठलेच नाहीत आणि पान त्यांच्या सहीशिवाय छपाईला जाईना. शेवटी सव्वीसांतला एक मारुती छापला. फोटोओळीत पाणी कुठपर्यंत आले होते आणि फ्रेम किती वाजता घेतली एवढेच लिहिले होते, ‘देवदूत’ हा शब्द पुढच्या पुरासाठी शिल्लक राहिला.

सकाळी वितरण विभागाचे फोन सुरू झाले. छायाचित्रकाराने तो फोटो रात्रीच मित्रांना पाठवला होता आणि तो गावभर व्हॉट्सअॅपवर फिरत होता. सगळ्या नाशिककडे आहे तो फोटो आपल्याकडेच का नाही, असा त्यांचा रास्त प्रश्न होता.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ कचेरीत आले. गुडघा दुखत असल्यामुळे जिना चढायला त्यांना वेळ लागला. पिशवीतून त्यांनी एक शाल आणि नारळ काढून अण्णांच्या टेबलावर ठेवला. गल्लीतल्या मंडळाने आदल्या संध्याकाळी सत्कार केला होता, नगरसेवकही आले होते. ते म्हणाले, “साहेब, पूर आला त्या दिवशी मी लासलगावला मेव्हण्याकडे होतो. आणि ते पोरगं आता दहावीला असेल. या वस्तू परत कुणाला द्यायच्या?”

अण्णांना उत्तर सुचले नाही. मी त्यांना नारळ फोडून टाका, असे सांगितले.