नियमांना मुदत घातली तर चोर मोकाट सुटतील?

“नियमांना मुदत घातली की ती संपताच चोर मोकाट सुटतील. नियम वाईट निघाला तर सरकार तो स्वतःच काढतं. आणि नियमाच्या खर्चाचा हिशेब ही बड्या उद्योगपतींची पळवाट आहे.”

नियमांना मुदत असावी, ती संपली की ते आपोआप संपावेत आणि त्यांच्या खर्चाचा हिशेब आधी मांडावा, असं म्हटलं की हे तीन आक्षेप येतात. आधी चोरांचं. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा मुदतीचाच होता. दर दोन वर्षांनी संसदेने तो वाढवला आणि मे 1995 मध्ये तो संपला. तरी मुंबईच्या 1993च्या बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल 2006-07 मध्ये टाडाखालीच लागला, कारण मुदतीत घडलेल्या गुन्ह्यांचे खटले चालू राहतील, हे कायद्यातच लिहिलं होतं. मात्र मुदतवाढ बिनहिशेबी मिळत गेली तर मुदत नावापुरती उरते, हेही टाडानेच दाखवलं.

सरकार स्वतःच काढतं, यावर एखाद्या जुन्या सोनाराला विचारा. चीन युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आलं. 14 कॅरटपेक्षा चोख दागिना घडवायला बंदी! गिऱ्हाईक 22 कॅरटचं मंगळसूत्र मागणार आणि सोनार त्याला काय देणार? कारागिरांच्या शेगड्या विझल्या. ही कॅरटची अट 1966 मध्ये सुटली, पण परवाने, नोंदी, तपासण्या राहिल्याच. जानेवारी 1968 मध्ये चीन युद्धाच्या वेळची आणीबाणी उठली, म्हणजे नियमांचा मूळ आधारच गेला. तेव्हा सरकारने त्याच वर्षी सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला, आणि त्याला मुदत नव्हती. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमं घटनाबाह्य ठरवली, तरी उरलेला कायदा चालू राहिला. सोन्याच्या ज्या तस्करीला आळा घालायचा होता, ती थांबली नाहीच. शेवटी 1990 मध्ये, मधु दंडवते अर्थमंत्री असताना, तो रद्द झाला. उद्दिष्ट साधलं नाही आणि छोट्या कारागिरांना जाच झाला, असं तेव्हा सरकारनेच मान्य केलं. युद्ध महिनाभराचं, नियंत्रण सत्तावीस वर्षांचं. 1968च्या कायद्याला पाच वर्षांची मुदत असती, तर ही कबुली 1973 मध्येच द्यावी लागली असती.

पळवाटेचं म्हणाल तर गणित उलटं आहे. समजा, एका नव्या नोंदवहीला रोज वीस मिनिटं लागतात. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर शंभर तास झाले. मोठ्या कंपनीत ते एका कारकुनाच्या पगारात मुरतात. किराणावाल्याकडे मात्र लिहिणारा तोच आणि गल्ल्यावर बसणाराही तोच. हिशेब न करण्यात फायदा कोणाचा, ते बघा. मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि लोकांच्या उपजीविकेवर काय परिणाम होईल याचा अंदाज सोबत द्यावा, असं केंद्राचं 2014चं धोरण सांगतं. पण ते धोरण आहे, कायदा नाही. त्यामुळे अंदाज दिला नाही म्हणून नियम अडत नाही.

एक मात्र मान्य: अन्नातल्या विषारी रंगावरची बंदी आपोआप संपू नये. तिथे मुदतीऐवजी ठरावीक वर्षांनी फेरतपासणीची सक्ती पुरे. आपोआप संपण्याची अट परवाने, नोंदवह्या आणि विवरणपत्रांना लावा.