‘बर्फच लवकर वितळतो’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

प्रतिक्रिया : वाइनची बाटली झटपट गार करण्याविषयीचा लेख वाचला. बर्फाच्या पाण्यात मीठ घालण्याचा सल्ला म्हणजे निव्वळ देखावा आहे. मिठाने पाणी गार होत नाही, उलट बर्फच लवकर वितळून जातो. थर्मामीटर लावून पाहा. मी बाटली सरळ फ्रीझरमध्ये टाकतो, वीस मिनिटांत काम होते. शिवाय चांगली व्हाइट वाइन अशी घाईने गार केली की तिचा स्वाद मरतो. मीठ नक्की किती, हेही लिहिलेले नाही. ऐकीव माहितीवर लेख लिहू नयेत.

उत्तर :

महोदय,

आपल्या प्रतिक्रियेतील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करणे मला भाग आहे. लेखात चूक असेल तर ती दाखवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण माहिती ‘ऐकीव’ आहे हा निष्कर्ष आपण कशावरून काढला, हे आपण कोठेही सांगितलेले नाही. गोव्यातील एका हॉटेलच्या मेजवानी विभागात मी अकरा वर्षे काम केले आहे. मे महिन्यात समुद्रकिनारी मांडवात लग्न असावे, पाहुणे ठरल्यापेक्षा तासभर आधी यावेत आणि वाइनची खोकी नुकतीच गाडीतून उतरलेली असावीत, अशी वेळ माझ्यावर एकदा नव्हे, अनेकदा आलेली आहे. त्या वेळी बर्फ, पाणी आणि खडेमीठ यांनीच आमची लाज राखली. ज्या गोष्टीत माझे हात कोपरापर्यंत भिजले आहेत, तिला कोणी ऐकीव म्हटले की राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

आता मुद्द्याकडे वळतो. बर्फ लवकर वितळतो हा आपण मिठाचा दोष म्हणून मांडला आहे. वस्तुतः मिठाचे सारे काम त्या वितळण्यातच आहे, आणि आपण नेमके तेच पाहून उलटा अर्थ लावला आहे, याचे मला आश्चर्य वाटते.

शून्य अंशावर बर्फ आणि पाणी एकत्र असतात तेव्हा बर्फाच्या पृष्ठभागावर दोन क्रिया सारख्याच वेगाने चालू असतात : थोडा बर्फ वितळून पाण्यात जातो आणि तितकेच पाणी पुन्हा गोठून बर्फाला चिकटते. पाण्यात मीठ विरघळले की परत गोठण्याची क्रिया मंदावते आणि वितळण्याची क्रिया वरचढ ठरते. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता बाहेरून लगेच मिळत नाही, म्हणून बर्फ ती भोवतीच्या खाऱ्या पाण्यातून आणि स्वतःमधूनच ओढून घेतो. परिणामी सगळे मिश्रण शून्याच्या खाली जाते. मीठ भरपूर असेल तर ही घसरण सिद्धान्तात उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. घरच्या बादलीत उणे ४ किंवा ५ मिळाले तरी पुष्कळ झाले.

बर्फ नसलेल्या नुसत्या पाण्यात मीठ टाकून आपण थर्मामीटर लावला असेल, तर आपले निरीक्षण खरे आहे. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ विरघळले तरी तापमान जेमतेम दीड अंशाने उतरते. परंतु तो प्रयोग माझ्या लेखातला नव्हता. त्यात वितळायला बर्फच नव्हता, मग गारवा येणार कोठून? ज्यांनी लहानपणी सुट्टीत आइस्क्रीमच्या पॉटचा दांडा फिरवला आहे, त्यांना हे सांगावे लागत नाही. आमच्या आजोळी लाकडी बादलीत बर्फाचा एक थर आणि खडेमिठाचा एक थर असे रचत असत. मीठ संपले की आतले दूध कितीही फिरवले तरी पातळच राहत असे, आणि आजी ओरडून मीठ आणायला पिटाळत असे. नुसत्या बर्फाने आइस्क्रीम लागत नाही, कारण बर्फ शून्यावर थांबतो आणि साखर घातलेले दूध गोठायला शून्याखालचे तापमान लागते.

यात एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे वेगळी सांगायला हवी. बाटली लवकर गार होण्याचे मोठे श्रेय पाण्याचे आहे, मिठाचे त्या मानाने लहान. पाणी न घातलेल्या नुसत्या बर्फात खोचलेल्या बाटलीला बर्फाचे तुकडे मोजक्या ठिकाणी टेकतात आणि मधल्या फटींत हवा राहते. पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. ते त्या फटी भरते आणि काचेला सर्व बाजूंनी भिडते. म्हणून मीठ आहे पण पाणी नाही, ही मांडणी मला सर्वांत वाईट वाटते. हॉटेलांतसुद्धा मी ती पाहिली आहे : चकचकीत बादली, काठोकाठ बर्फ, वर बाटलीची मान, आणि अर्ध्या तासानंतरही पेल्यात कोमट वाइन.

आता गेल्या रविवारचे उदाहरण सांगतो, म्हणजे आकडे कोठून आले याविषयी आपल्याला शंका राहणार नाही. नाशिकच्या शेनँ ब्लाँची ७५० मिलिलिटरची बाटली होती, वाइनचे तापमान ३० अंश होते आणि ते मला १० अंशांवर आणायचे होते. या वाइनला ८ ते १० अंश मानवतात. वाइनमधून साधारण १५,००० कॅलरी आणि अर्धा किलोच्या काचेतून सुमारे २,००० कॅलरी काढायच्या होत्या. म्हणजे बाटलीसाठी सव्वादोनशे ग्रॅमच्या आतच बर्फ वितळणे पुरेसे होते. पण त्याच बादलीत नळाचे २८ अंशांचे दीड लिटर पाणी ओतले, तर ते पाणी शून्यावर आणण्यातच सव्वापाचशे ग्रॅम बर्फ खर्ची पडतो. बाटलीपेक्षा दुपटीहून अधिक बर्फ पाणीच खाते! म्हणून मी फ्रिजमधल्या बाटलीतले गार पाणी घेतो, आणि तेही एकच लिटर. बर्फ वाया जातो अशी आपली तक्रार असेल, तर तो इथे वाया जातो, मिठात नव्हे.

दीड किलो बर्फ, लिटरभर गार पाणी आणि मीठ घालून लाकडी उलथन्याने तळापासून ढवळले. हे ढवळणे महत्त्वाचे आहे, कारण खडेमीठ तळाशी बसते. तळ खारट आणि वरचा भाग साधाच, असे झाले तर मिठाचा उपयोग अर्धाही होत नाही. मिश्रण उणे ४ वर आले तेव्हा बाटली खांद्याच्या वरपर्यंत बुडवली आणि दर मिनिटाला मान धरून हलकेच फिरवली. काचेलगतची वाइन आधी गार होते आणि मधली कोमट राहते. फिरवल्याने ती एकमेकींत मिसळते. अकरा मिनिटांनी वाइन १० अंशांवर होती. तेवढ्याच बर्फात मीठ न घालता आदल्या आठवड्यात पंधरा मिनिटे लागली होती. फरक चार मिनिटांचा आहे. पाहुणे दारात नसतील तर मीठ घालू नका. असतील तर त्या चार मिनिटांची किंमत यजमानालाच कळते.

मिठाचे प्रमाण लेखात राहून गेले, हे मला मान्य आहे, आणि ते लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. वरील मापाला एक लहान वाटी, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, पुरे. ते वाढवण्याचा मोह टाळावा. एकदा आमच्या एका नवख्या सहकाऱ्याने बर्फाच्या निम्म्याने मीठ ओतले आणि बाटल्या बादलीत विसरून तो जेवायला गेला. साडेबारा टक्के मद्यार्काची वाइन उणे ५ च्या सुमारास गोठू लागते. आम्ही बाटल्या काढल्या तेव्हा दोघींची बुचे करंगळीच्या पेराएवढी वर सरकली होती. एक बाटली दिव्यासमोर धरली, तर काचेच्या आतून सुयांसारखे बारीक स्फटिक तरंगताना दिसले. मीठ जास्त झाल्याची खूण हीच. असे स्फटिक दिसले की बाटली लगेच बाहेर काढून उभी ठेवावी.

फ्रीझरविषयी मी फार लिहिणार नाही. आतली हवा उणे १८ अंशांची असली तरी ती हवाच असते. माझ्या घरी वीस मिनिटांनी बाटली २३ अंशांवर होती. आपण मोजून पाहावे, थर्मामीटर आपल्याकडे आहेच. घाईने स्वाद मरतो हे विधान कोणत्या अनुभवावर केले आहे, ते आपण लिहिले असते तर उत्तर देता आले असते. वाइन अति गार झाली तर तिचा गंध दबतो, हे खरे. पण ते किती अंशांवर थांबलो यावर अवलंबून असते, किती मिनिटे लागली यावर नाही.

जे टाळायचे ते मी लेखात लिहिले होते, पण आपण तेथवर पोहोचला नसावात असे दिसते, म्हणून पुन्हा सांगतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतून आलेली तापलेली बाटली थेट खाऱ्या बर्फात घालू नये, काच तडकण्याची भीती असते. आधी पाच-दहा मिनिटे साध्या पाण्यात ठेवावी. त्यात बर्फही वाचतो. लेबल भिजू नये म्हणून बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, तेही चूक, कारण पिशवीत हवा अडकते आणि पाण्याचा स्पर्शच तुटतो. फेसाळ वाइनची बाटली फिरवू नये, नुसती बुडवून ठेवावी. ॲल्युमिनियमचे भांडे खाऱ्या पाण्याला वापरू नये, स्टीलचे असेल तर काम झाल्यावर लगेच धुवावे. त्या पाण्यात हात घालून बर्फ चाचपत बसू नये. ते शून्याखाली असते आणि बोटे मिनिटाभरात बधिर होतात.

आणि एक गोष्ट जी माझ्या लेखात खरोखरच नव्हती आणि आपल्याही नजरेतून सुटली : बाटली बाहेर काढल्यावर तिची मान आणि ओठ आधी साध्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने नीट पुसावेत. बुचाभोवती किंवा फिरकीच्या झाकणाच्या आट्यांत खारे पाणी राहते, आणि पहिला पेला ओतताना त्याचे दोन थेंब वाइनबरोबर उतरतात. मानेतली वाइन पाण्याच्या वर राहिलेली असल्यामुळे बाकीच्यापेक्षा कोमट असते, म्हणून झाकण उघडण्यापूर्वी बाटली एकदाच हळू आडवी करून पुन्हा उभी करावी.