सिग्नल फक्त चेहरा दाखवायच्या वेळीच जातो का?

आज सकाळी बँकेच्या रांगेत दोघी हसत म्हणाल्या, "एवढी शिकलेली बाई, तरी फसली कशी?" त्या माझ्या मावसबहिणीबद्दलच बोलत होत्या. मी गप्प बसले, म्हणून आता इथे लिहिते आहे.

ताई सत्तेचाळीस वर्षांची, नवरा जाऊन सहा वर्षे झालेली. विवाह-संकेतस्थळावर भेटलेला तो गृहस्थ स्वतःला उत्तर समुद्रातील तेलविहिरीवरचा अभियंता म्हणवीत असे. दोनच दिवसांत त्याने बोलणे व्हॉट्सॲपवर नेले आणि संकेतस्थळावरील आपली माहिती काढून टाकली. खरे तर तिथेच थांबायला हवे होते.

एका रविवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल ठरला होता. ताई पैठणी नेसून, देवघराशेजारच्या प्लगला फोन लावून बसली. घंटी वाजली, काळा पडदा दिसला, कॉल तुटला. "इथे सिग्नल नाही," असा निरोप आला आणि पाठोपाठ चार मोठे, स्वच्छ फोटो आले. चेहरा दाखवायला सिग्नल नाही आणि फोटो पाठवायला आहे, हे गणित त्या रात्री आम्हा कुणालाच सुचले नाही! समुद्रावर नेटवर्क खरोखरच जाते, हे मान्य. माझा भाचाही जहाजावर आहे. पण तो कधी ना कधी, अर्धवट का होईना, तोंड दाखवतो. या गृहस्थाला दोन महिन्यांत दोन मिनिटेही सापडली नाहीत.

मग भेटवस्तूचे पार्सल निघाले, दिल्लीच्या विमानतळावर "अडकले" आणि सीमाशुल्क अधिकारी म्हणवणाऱ्या बाईंचा फोन आला. शुल्क 38,500 रुपये, आणि ते भरायचे कुणा खासगी व्यक्तीच्या बचत खात्यात. सरकारी शुल्क असे भरले जात नाही, एवढे तरी बँकेच्या रांगेतल्या शहाण्यांना ठाऊक असावे. ताईने भरले. लगेच पार्सलात विदेशी चलन सापडले आणि प्रमाणपत्रासाठी 1,20,000 मागितले गेले. पहिली रक्कम पचली की दुसरी मोठी होऊन येते, ही यांची रीतच आहे. ताईने बांगड्या मोडल्या.

पुढे लाजेपोटी ती अकरा दिवस गप्प राहिली, मला राग येतो तो याचा. लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवले असते, तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी थांबवता येण्याची शक्यता होती. पण तिला गप्प कुणी बसवले? रांगेतल्या त्या हसण्यासारख्या हसण्यानेच ना?

पुढे भाच्याने त्या रात्री आलेल्या फोटोंतला एक गूगलवर शोधला, तर तो परदेशातल्या एका भलत्याच माणसाच्या सार्वजनिक पानावर निघाला, बायकामुलांसह. ताईने तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "याला तरी ठाऊक असेल का गं, की मी त्याच्यासाठी पैठणी नेसले होते?"